चहा-कॉफीचे डाग: तुमचे अनुभव लिहा

सायली_ठाणे
काल पाहुण्यांच्या हातून आत्याने भरलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर चहा सांडला आणि गिरगावच्या चाळीतली काकू आठवली. ती डागाचा भाग पातेल्याच्या तोंडावर ताणून दोरीने बांधायची आणि हात उंच करून वरून उकळतं पाणी ओतायची. आम्ही पोरं जत्रा बघितल्यासारखी बघायचो. डाग जायचाही! तुमच्याकडे काय करतात? फिकट सुती कपडे, मशीनला टाकायच्या आधीचं सांगा.

पमाताई
आमच्याकडेही हेच. पण टेरिकॉटला नको हं.

गोट्या७७
आमच्याकडे डाग पडला की टेबलक्लॉथ उलटा घालतात. दोन्ही बाजूंना पडले की पाहुणे बंद.

अनघा_क
उकळतं पाणी मीही ओतलं होतं, ह्यांच्या लिननच्या शर्टावर. पिवळं वर्तुळ तस्संच राहिलं. काकूंच्या हातालाच गुण असणार.

धोटे_भिवंडी
अनघाताई, हाताचा गुण नाही, दुधाचा. मी कापड प्रोसेसिंगमध्ये होतो. काकूंची युक्ती कोऱ्या चहाला आणि काळ्या कॉफीला चालते. दुधाच्या चहाला उकळतं पाणी लागलं की दुधातलं प्रथिन धाग्यावरच घट्ट बसतं, अंडं शिजतं तसं, आणि रंगालाही धरून ठेवतं. म्हणून आधी गार पाणी, तेही डागाच्या उलट बाजूने, नळाखाली धरून. पुढून ओतलं तर डाग आणखी आत जातो.

सायली_ठाणे
दुधाचाच होता, आणि रात्रभर वाळलाय. आता?

धोटे_भिवंडी
गार पाण्यात अर्धा तास भिजवा. मग भांड्यांचं लिक्विड थेंबभर बोटाने चोळून दहा मिनिटं ठेवा, सायीचा तेलकटपणा त्याने सुटतो. धुतल्यावर बदामी डाग उरेल, तो चहाचा. त्यावर एक चमचा पांढरं व्हिनेगर दोन चमचे पाण्यात घालून लावा, पंधरा मिनिटांनी खळबळून काढा. तरीही दिसला तर ऑक्सिजनवालं ब्लीच, पाकिटावर लिहिलंय तेवढं, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात. तासभर बुडवून ठेवा, मग मशीन. भरतकामाचा दोरा रंगीत असेल तर आधी आतल्या टाक्यावर करून बघा, रंग सुटला तर ब्लीच नको.

पमाताई
एवढं करण्यापेक्षा निळ्या वडीने घासा, वर चिमूटभर धुण्याचा सोडा. माझी आई तेच करायची.

धोटे_भिवंडी
पमाताई, वडी तेलाच्या डागाला उत्तम. चहाचा डाग मात्र साबणाने पक्का होऊ शकतो. आणि सोड्याचं म्हणाल तर कोऱ्या चहाच्या कपात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, रंग लगेच गडद होतो. लिंबू पिळलं की फिका पडतो. कापडावरही तेच.

अनघा_क
पण ऑक्सिजन ब्लीचमध्ये सोडाच असतो ना? पाकिटावर वाचलं मी.

धोटे_भिवंडी
बरोबर पकडलंत. असतो. पण त्यातून पेरॉक्साइड सुटतं, ते रंगच मोडतं. नुसत्या सोड्यात ती ताकद नाही. गार पाण्यात मात्र ते फार हळू चालतं.

किशोर_नाशिक
थर्मासच्या आतला डाग कसा काढायचा? बायको म्हणते नवा आण.

गोट्या७७
नवा आणा. बायकोचं ऐकावं.

पमाताई
थर्मासला खायचा सोडा नि गरम पाणी, रात्रभर. तिथे तरी चालतो ना हो धोटे?

धोटे_भिवंडी
चालतो, चालतो.

रेवा_मडगाव
हळदीचा डाग मी उन्हात वाळवते, आपोआप उडतो. चहाचाही उडेल म्हणून कुर्ता दिवसभर गच्चीवर टाकला. उडाला नाहीच, उलट इस्त्री केल्यावर चांगलाच उठून दिसला.

धोटे_भिवंडी
हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, चहाचा टिकतो. मशीनमधून काढलेलं कापड ओलं असतानाच खिडकीपाशी उजेडात धरून बघा. पिवळट छटा दिसली तर वाळत घालू नका, ब्लीचचं पाणी पुन्हा करा. इस्त्री तर अजिबात नको.

किशोर_नाशिक
आमच्या बोअरच्या पाण्यात चहाचा डाग करडा-काळा होतो. हे कशाने?

धोटे_भिवंडी
पाण्यात लोह असेल तर होतं तसं. बादलीत लिंबूफूल घालून बघा. जाईलच असं सांगत नाही, पाणी न बघता कसं सांगू?

अनघा_क
आणि ते क्लोरीनवालं, झोंबणाऱ्या वासाचं ब्लीच? पांढऱ्याला चालेल?

धोटे_भिवंडी
पांढऱ्या सुतीला बेताने चालतं. पण व्हिनेगर लावलेल्या कपड्यावर कधीच नाही, विषारी वायू सुटतो.

सायली_ठाणे
व्हिनेगरनंतर फिकट बदामी राहिलाय. आता ब्लीचच्या पाण्यात बुडवलाय, एका कोपऱ्यात गुलाबी दोरा आहे, तो बाहेर लटकवून ठेवलाय.

रेवा_मडगाव
गुलाबी फुलं का? फोटो टाक ना. आत्या कशिदा शिकवते का अजून?