गीझरचा प्लग गरम का होतो?

> गीझर साध्या सॉकेटवर कन्व्हर्टर लावून चालवतोय, प्लग हाताला गरम लागतो पण एमसीबी कधी पडत नाही, मग चालेल ना?

नाही चालणार, ताबडतोब बंद करा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला साधारण ८.७ अँपिअर खेचतो आणि साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं, त्यात कन्व्हर्टर म्हणजे अजून एक जोड वाढला. खरी उष्णता त्या जोडातच होते, पिन आणि आतली पितळी पत्ती यांची पकड सैल होऊन तिथे ०.१ ओहम जरी रेझिस्टन्स आला तरी ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.१ म्हणजे साडेसात वॅट एवढ्याशा जागेत तापत राहतात, त्याने पत्तीचा ताण जातो, पकड अजून सैल होते आणि अजून तापतं. करंट वाढलेलाच नसतो म्हणून एमसीबीला यातलं काही कळत नाही. इंडिकेटर स्विचचा दिवाही फक्त स्विच चालू आहे एवढंच सांगतो.

१६ अँपिअरचं सॉकेट बसवा, पण मागे वायर २.५ स्क्वेअर एमएमची आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, एसीला तर बहुतेकदा ४ ची टाकतात. प्लगटॉप जाड पितळी पिनांचा घ्या, आत स्क्रू घट्ट हवेत, तारेचे धागे कापलेले नकोत. पिन काळी पडली असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, नुसता प्लग नवीन घेतला तर जुनी सैल पत्ती त्यालाही जाळते.