मंगळावर पोचेल तो मीच का?

पायवाट : समजा, एका यंत्रात शिरलो की माझ्या प्रत्येक पेशीची नोंद होते, इथलं शरीर नष्ट होतं आणि मंगळावर त्या नोंदीवरून नवं शरीर तयार होतं. त्याला माझं बालपण आठवतं, माझीच सही जमते. हा प्रवास की मृत्यू? तुम्ही बटण दाबाल का?

सूतगिरणी : मी दाबेन. मी म्हणजे माझ्या आठवणी, सवयी, माणसांवरची माया. ते सगळं पोचलं म्हणजे मी पोचलो. गाढ झोपेतही जाणिवेचा धागा तुटतोच. सकाळी उठणारा माणूस नवा आहे असं कोणी म्हणत नाही.

खडूफळा : झोपेत मेंदू तोच असतो, त्यामुळे झोपेचा दाखला इथे पुरत नाही. हे कोडं तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली मांडलं, आणि त्याचा पुढचा भाग जास्त छळतो. नवं यंत्र शरीर नष्ट करत नाही, फक्त नोंद घेतं. तुम्ही जसेच्या तसे बाहेर येता. मग कळतं की यंत्राने तुमच्या हृदयाला इजा केली आहे आणि तुमच्या हाती थोडेच दिवस आहेत. मंगळावरचा माणूस धडधाकट आहे. तो तुमच्याशी बोलतो, बायकोमुलांची काळजी घेईन म्हणतो. तुमची धास्ती जाईल?

माझी जाणार नाही. आणि आठवणी तर दोन्ही वेळी सारख्याच पोचल्या. मंगळावरचा माणूस मी आहे की नाही, हे कोट्यवधी किलोमीटरवरचं एक शरीर उरलं की नाही यावरून कसं ठरेल?

सूतगिरणी : मग दोघेही मीच.

खडूफळा : तसं असेल तर ते दोघे मिळून एकच माणूस व्हायला हवेत. पण कळ एकाच्याच छातीत येते आहे.

आगगाडी : हा वादच फोल आहे. क्वांटम टेलिपोर्टेशनचा, म्हणजे एका कणाची सूक्ष्म अवस्था दूरच्या दुसऱ्या कणावर उतरवण्याचा, सिद्धान्त १९९३ सालीच मांडला गेला. त्यात मूळ अवस्था शिल्लक राहतच नाही, नक्कल काढता येत नाही. दोन माणसं उभी राहणारच नाहीत.

खडूफळा : नियम खरा आहे. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघत नाही. पण तुमच्या मेंदूतली ती सूक्ष्म अवस्था काल रात्रीपासून अगणित वेळा बदलली, तरी कालचं जेवण तुम्हाला आठवतंच. म्हणजे आठवणीला इतकी काटेकोर प्रत लागत नाही, आणि ढोबळ प्रतीला तो नियम अडवत नाही.

तुळशीकट्टा : मला यातलं फार कळत नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. ती मला तिची मोठी बहीण समजते. आठवणी म्हणजेच माणूस, तर मी रोज कोणाला भरवते? तिला सुई टोचताना माझ्या पोटात गोळा येतो, तो कोणासाठी?

खडूफळा : ताई, तुमच्या प्रश्नाने मूळ वादाला हात घातला. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७० साली एकच गोष्ट दोन प्रकारे सांगून पाहिली. पहिला प्रकार असा : क आणि ख यांच्या आठवणींची अदलाबदल होणार. नंतर एका शरीराला मोठी रक्कम मिळेल, दुसऱ्याचा छळ होईल. क ला विचारलं, स्वतःपुरतं पाहून सांग. तो म्हणतो, रक्कम ख च्या शरीराला द्या. इथे आठवणी जिंकल्या.

आता तेच क ला असं सांगा : उद्या तुझा छळ होणार आहे. तो घाबरतो. आधी तुझ्या सगळ्या आठवणी पुसू, म्हटलं तर धीर येतो का? उलट दुहेरी संकट वाटतं. त्यानंतर दुसऱ्या कोणाच्या आठवणी भरू, असं सांगितल्यावर तरी? भीती नेमकी कुठल्या पायरीवर संपावी, हे दाखवता येत नाही.

सूतगिरणी : पण दुसऱ्या वेळी एक गोष्ट लपवली आहे! क च्या आठवणी ख मध्ये गेल्या, हे सांगितलंच नाही. ते कळलं तर क म्हणेल, मी तिकडे सुखरूप आहे.

खडूफळा : विल्यम्सना ही शंका ठाऊक होती. त्यांचा सवाल असा, की दुसऱ्याच्या डोक्यात काय भरलं यावरून माझ्या वाट्याला छळ येतो की नाही, हे कसं बदलेल? मला हा सवाल जड वाटतो. पार्फिट मात्र तुमच्या बाजूला झुकतात : ‘तो मीच का’ हा प्रश्न सोडून द्या, मनाचा धागा पुढे चालू राहिला की महत्त्वाचं ते सगळं राहिलं. मला ते अजून पटलेलं नाही.

तुळशीकट्टा : आईचा तो धागा कधीच सुटला. तरी उद्या सुई आहे, आणि दुखणार तिलाच आहे. मला एवढंच ठाऊक आहे.

सूतगिरणी : ताईंना काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही. पण पहिल्या यंत्राचं बटण मी अजूनही दाबेन.

पायवाट : आत शिरून दार लागलं, की ते यंत्र पहिलं की दुसरं, हे तुम्हाला कशावरून कळणार?