मदत हवी आहे: दुसरी, तिसरी, चौथी एकाच खोलीत, गणिताचा तास कसा बसवू?

नमस्कार मंडळी, झेडपीची छोटी शाळा, तिन्ही वर्ग माझ्याकडेच. गणिताला जेमतेम ४० मिनिटं मिळतात. सध्या सगळ्यांना वजाबाकीच घेतेय, दुसरी काड्यांचे गठ्ठे सुटे करून ५२ - २७, तिसरी तीन अंकी, चौथी शाब्दिक उदाहरणं. सुरुवात एकत्र छान होते पण मी तिसरीला ४०३ - १५८ मधल्या शून्यातून हातचा कसा घ्यायचा ते समजावत बसले की दुसरीची पोरं काम संपवून दंगा घालतात, आणि चौथीतल्या कुणाला गटप्रमुख करून त्यांच्याकडे बसवलं तर तो सरळ उत्तरच सांगून टाकतो 😅 मागे उत्तर असलेली, मुलांनी स्वतःच तपासायची कार्डं कुणी वापरता का? आणि नवीन घटक रोज एकाच वर्गाला, बाकी दोघांना सराव, असं केलं तर वर्षाचं नियोजन बसतं का?