दोन बटणांचं टायमिंग अर्ध्याचं एक सेकंद केलं तर?

प्रेसशॉप: ६३ टनी पॉवर प्रेसला दोन हातांचा रिले बसवलाय, दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक देतो. आधी ऑपरेटर एका बटणाला रबर बांधून मोकळ्या हाताने पार्ट सरकवायचे. आता ते बंद झालं, पण दहात दोन-तीन स्ट्रोक मिस होतात. टायमिंग अर्ध्या सेकंदावरून एक सेकंद केलं तर बिघडलं कुठे?

शिफ्ट सुपरवायझर: करा बिनधास्त. रबर अडतं ते टायमिंगमुळे नाही. दर स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सुटल्याशिवाय रिले पुढचा स्ट्रोक देत नाही, म्हणून अडतं. शिफ्ट संपत आली की हात मागेपुढे होणारच.

पॅनेलवाला: रबराचं पटलं. पण एक बटण कोपराने दाबायचं, हाताने पार्ट नीट करायचा, मग त्याच हाताने दुसरं दाबायचं, आणि दर वेळी दोन्ही सोडायचीही. ही चलाखी अर्ध्या सेकंदात जमत नाही, एका सेकंदात जमते. शिवाय सेफ्टी रिलेत ती वेळ आतच पक्की असते. तुमच्याकडे फिरवता येत असेल, तर तो साधा टायमर आहे.

आधी रिलेवरचे इनपुटचे दिवे बघा. दोन्ही लागूनही स्ट्रोक नाही, तर हात मागेपुढे पडतायत. हात उचलल्यावरही एक दिवा तसाच राहिला, तर बटण अडकतंय. ऑपरेटर दोन्हीला ‘मिस’च म्हणतो.

बाइंडिंग: आमच्या कागदाच्या कटिंग मशीनवर सुरी अर्ध्यात असताना एक हात उचलला, तरी ती खाली जाऊनच परतते. टायमिंगच ना?

पॅनेलवाला: नाही. मशीन बंद ठेवा आणि क्लच-ब्रेक तपासून घ्या. प्रेसशॉप, तुमचा क्लच कुठला?

प्रेसशॉप: की क्लच, सोलेनॉइडने ओढतो, एकच खाच. मिनिटाला ६० स्ट्रोक. बटणं डायपासून ४०० मिमीवर.

पॅनेलवाला: मग टायमिंगचा वाद बाजूला ठेवा. की गुंतली की बटण सोडून काही होत नाही, फेरा पुरा होतोच. नेमकी खाच हुकली तर गुंतायला एक सेकंद, वर रॅम खाली यायला अर्धा. हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. दीड सेकंदात हात २.४ मीटर जातो, तुमची बटणं आहेत ४०० मिमीवर! एअर क्लच असता आणि थांबायला ०.२ सेकंद लागले असते, तर हाताचे ३२० मिमी अधिक ठरलेली २५० मिमीची भर, म्हणजे ५७० मिमीत भागलं असतं.

शिफ्ट सुपरवायझर: २.४ मीटरवरून पार्ट कोण लावणार? काढूनच टाका की बटणं.

पॅनेलवाला: बटणं राहू द्या, भरवसा डायभोवतीच्या पक्क्या जाळीवर ठेवा. पार्ट सरकपट्टीवरून आत ढकला. बटणं तशीही ऑपरेटरचेच हात सांभाळतात, शेजारच्या हेल्परचे नाही.

प्रेसशॉप: उजवा दिवा विझत नव्हता. बटण उघडलं तर आत तेल आणि बुरा. साफ केल्यावर मिस थांबले. जाळीचं मात्र अवघड आहे, स्क्रॅप पुढूनच काढावा लागतो.

शिफ्ट सुपरवायझर: मागून काढा. प्रेस कलती होते का?