बायनरी सेमाफोर आणि प्राधान्याची उलटापालट

> बसला कुलूप म्हणून बायनरी सेमाफोर लावला आहे, तरी सर्वोच्च प्राधान्याचा टास्क मधूनच ४० मिलिसेकंद का अडकतो?

कारण फ्रीआरटीओएसमध्ये बायनरी सेमाफोरला मालक नसतो. तो एक टास्क घेतो आणि दुसरा कोणीही देऊ शकतो. त्यामुळे वाट पाहणाऱ्यासाठी कोणाचे प्राधान्य वाढवायचे, हे कर्नलला कळूच शकत नाही. समजा, खालच्या टास्कने कुलूप घेतले असून त्याचे २ मिलिसेकंदांचे काम उरले आहे आणि वरचा टास्क त्याच कुलपासाठी थांबला आहे. तेवढ्यात मधल्या प्राधान्याचा टास्क जागा होऊन ४० मिलिसेकंद गणित करत बसला, तर बसशी काहीही संबंध नसताना तो खालच्याला आणि पर्यायाने वरच्यालाही रोखून धरतो. विलंब कुलपातील कामाऐवजी मधल्या टास्कच्या कामाएवढा वाढतो, हीच या दोषाची खूण आहे; तिन्ही टास्कमध्ये एकेक पिन वर-खाली करून लॉजिक अ‍ॅनालायझरवर पाहिल्यास ती स्पष्ट दिसते.

```c
bus = xSemaphoreCreateMutex();
```

म्युटेक्सला मालक असतो. वरचा टास्क थांबताच त्याचे प्राधान्य खालच्याला तात्पुरते मिळते, तो मधल्याच्या आधी धावून कुलूप सोडतो आणि वरच्याची वाट सुमारे २ मिलिसेकंदांवर येते. मात्र कुलूप हातात असताना `vTaskDelay()` बोलावले, तर वारशाने मिळालेले प्राधान्य निरुपयोगी ठरते, कारण झोपलेला टास्क धावत नाही. शिवाय म्युटेक्स इंटरप्टमधून वापरता येत नाही. तिथून टास्कला संकेत देण्यासाठी बायनरी सेमाफोरच योग्य आहे.