फील्ड व्हिजिटचं बजेट: माणशी सरसकट दर की दरपत्रक?

घणसोलीकर: आमची छोटी संस्था आहे, ऑफिस ठाण्यात. मोखाड्यातल्या पाड्यांवर टीम जाते, 3 दिवस 2 रात्री. दरवेळी माणशी दिवसाला 1500 रुपये धरून बजेट टाकतो. कधी पैसे उरतात, कधी फील्डवाल्यांना खिशातून घालावे लागतात. हे असंच चालू ठेवावं का प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर लावावा?

नौपाड्याचा हिशोबनीस: वेगळे दर लावा, आणि दरापेक्षा जास्त लक्ष तो दर कशाला लागतो त्याच्यावर द्या. तिकीट माणसामागे लागतं, भत्ता माणसामागे रोजचा, लॉज खोलीमागे रात्रीचा आणि जीप गाडीमागे दिवसाची. तुम्ही हे चारही माणशी-दिवसात कोंबलंय, म्हणून कधी उरतं कधी कमी पडतं. आमचे दर खाली देतोय, तुमचे वेगळे असतील.

| बाब | दर (रु.) | कशामागे |
|---|---|---|
| जाणं-येणं | 300 | माणूस |
| दैनिक भत्ता | 400 | माणूस, दिवस |
| लॉज | 1000 | खोली, रात्र |
| तिथली जीप | 2500 | गाडी, दिवस |

आता तिघं गेले असं धरा, दोन बायका एका खोलीत आणि पुरुष वेगळ्या. तिकिटं 900, भत्ता 3600, दोन खोल्या दोन रात्री 4000, पाड्यांवर फिरायला जीप दोन दिवस 5000. झाले 13500, आणि तुमच्या सरसकट दरानेही 13500च येतात, म्हणून तुम्हाला तो दर बरोबर वाटत राहिला. पण एकटाच गेला तर? 300, 1200, 2000 आणि जीपचे 5000, म्हणजे 8500, आणि तुम्ही देताय 4500. जीप एकट्यासाठीही तेवढीच लागते ना. उलट पाच जण त्याच जीपमध्ये तीन खोल्यांत राहिले तर 18500 लागतात आणि तुम्ही धरता 22500.

फील्डवर 15 वर्षं: कागदावर छान आहे हो, पण पाड्यावरचा जीपवाला बिल देत नाही, जव्हारचा लॉजवाला कधी देतो कधी नाही, आणि मग अकाउंट्सवाले महिनाभर आमच्या मागे लागतात की याची पावती कुठे त्याची पावती कुठे. सरसकट रक्कम हातात दिली की आम्ही आमचं बघतो. माणसावर विश्वास ठेवा की.

नौपाड्याचा हिशोबनीस: दादा, दरपत्रक म्हणजे प्रत्येक गोष्टीची पावती असं मी म्हणतच नाहीये. भत्त्याला पावती मागूच नये, ठरलेला दर द्यावा. जीपला छापील व्हाउचर ठेवा, गाडी नंबर, कुठून कुठे, रक्कम, चालकाची सही. पावती लॉजची आणि तिकिटाची तेवढी. एकट्याने गेल्यावर 4000 स्वतःच्या खिशातून घालायला लावणं हा काही विश्वास नव्हे.

कळव्याची ताई: एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे मार्च 2023 पासून, त्यामुळे बायकांचा दर निम्मा धरा, बजेट पुष्कळ कमी होईल.

नौपाड्याचा हिशोबनीस: सवलत खरी आहे ताई, पण ती फक्त एसटीला. कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे खोडाळ्यावरून शेअर जीपने गेलं तर ती लागू होत नाही. आणि वरचा हिशोब बघा, तिकिटं 900 आणि जीप 5000. बरेच जण स्थानिक प्रवास म्हणून एकूण खर्चाच्या 10 टक्के टाकून मोकळे होतात, इथे ते 1350 झाले असते, त्यात एक दिवसाची जीपसुद्धा येत नाही.

वाशी-ठाणे रोज: मी रोज वाशीहून ठाण्याला ऑफिसला येतो, ट्रान्सहार्बरचा पास काढतो. मला पण डीए मिळायला पाहिजे ना मग?

नौपाड्याचा हिशोबनीस: ते घर ते ऑफिस झालं, दौरा नाही. इथे तो प्रश्न नाही.

ऐरोलीचा प्रोग्रामवाला: भत्त्यात एक गोष्ट राहिली. जायचा आणि यायचा दिवस अर्धाच धरायचा असतो.

नौपाड्याचा हिशोबनीस: अर्धाच असा नियम नाही, तास बघतात. केंद्र सरकारची पद्धत अशी की मध्यरात्र ते मध्यरात्र मोजायचं, 6 तासांपर्यंत 30 टक्के, 6 ते 12 तास 70 टक्के, त्याच्या वर पूर्ण. सकाळी 7 ला ठाणे सोडलं तर पहिल्या दिवसाचे 17 तास भरतात, मिळाला पूर्ण भत्ता. शेवटच्या दिवशी सकाळी 11 ला घरी पोचलात तर 400 ऐवजी 280. संस्थेला हा नियम बंधनकारक नाही, पण आधी लिहून ठेवला तर वाद होत नाहीत.

फील्डवर 15 वर्षं: जीपची ओळ वेगळी काढताय ते पटलं. पण जीपवाला रोख मागतो, त्याच संध्याकाळी. दरपत्रक कितीही चांगलं असू द्या, अ‍ॅडव्हान्स आदल्या दिवशी हातात नसेल तर खिसा आमचाच रिकामा होणार.

घणसोलीकर: एकट्याची व्हिजिट सगळ्यात महाग पडते हे कधी लक्षातच आलं नव्हतं. दोन व्हिजिट एकत्र करता येतील का बघते, पण फंडर दर महिन्याला एक मागतो, तिथे अडतंय. अ‍ॅडव्हान्सचं आमच्या ट्रेझररशी बोलावं लागेल, ते रोख द्यायला तयार नसतात.