पीएफचं "बघू नंतर" म्हणणारी नोकरी घ्यावी का?

*विश्रामबाग, सांगली. सोसायटीचा ग्रुप*

वैशाली काकू (बी-३०४): ओंकारला कुपवाड एमआयडीसीत हळद पावडरच्या कारखान्यात अकाउंट्सची नोकरी मिळतेय. घरचा धंदा, तिघे भाऊ बघतात. पगार १८ हजार, "सगळं धरून". पीएफचं विचारलं तर म्हणाले, "पोरगं घरातलंच आहे, सहा महिने जाऊ देत, मग बघू." घ्यावी का?

कुलकर्णी काका (ए-१०२): वहिनी, आधी "सगळं धरून" म्हणजे काय ते विचारा. सगळी गोम तिथंच आहे. पीएफ वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सक्तीचा. बेसिक आणि डीए मिळून १५ हजारांपर्यंत असेल, तर पहिल्या दिवसापासून खातं उघडावं लागतं. सहा महिने थांबायचा नियम कुठंच नाही.

सुहास (सी-२०१): पण काका, तिघा भावांच्या तीन फर्म असतील. एकीत आठ, दुसरीत नऊ, अशी माणसं दाखवतात.

कुलकर्णी काका: हो, ही जुनी युक्ती. जागा एक, हिशेब एक, माणसं इकडून तिकडं फिरतात, तर पीएफ ऑफिस तिन्ही फर्म एकत्र धरू शकतं. आणि हळद निवडायला, पाकिटं भरायला मुकादमामार्फत येणाऱ्या बायकाही त्या विसात मोजल्या जातात. मालक बहुतेक वेळा त्यांनाच विसरतात!

वैशाली काकू: आता हे मालकांना कसं विचारायचं? वाईट वाटेल त्यांना.

स्नेहा (ए-४०३): काकू, "पीएफ आहे का" असं विचारूच नका. ओंकारला म्हणावं, "फॉर्म भरायचाय, पीएफचा कोड कुठल्या फर्मच्या नावावर आहे?" असं विचारायचं. अकाउंट्सच्या माणसाचा प्रश्न आहे, कुणाला राग येत नाही. नाव मिळालं की epfindia.gov.in वर Establishment Search मध्ये टाका. फर्म सापडली की पेमेंटचा तपशील उघडा. कुठल्या महिन्याचे पैसे कुठल्या तारखेला भरले आणि किती माणसांचे भरले, ते दिसतं.

सुहास: त्यात बघायचं काय नेमकं?

स्नेहा: दोनच गोष्टी. पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. चार महिन्यांचे एकाच दिवशी भरलेले दिसले, तर पैशाची ओढाताण आहे किंवा भरायची सवय नाही. दुसरं, माणसांचा आकडा. कारखान्यात तीस माणसं राबतात आणि यादीत अकरा, म्हणजे बाकीचे "घरातलेच". ओंकारही त्यांच्यातच जाणार.

कुलकर्णी काका: आता १८ हजारांचा हिशेब. बेसिक १५ हजार, बाकी भत्ते, असं धरू. ईएसआय, प्रोफेशनल टॅक्स तूर्त बाजूला ठेवू. ओंकारचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातील, हातात १६,२००. मालकाने स्वतःच्या खिशातून आणखी १,८०० भरायचे. त्यातले १,२५० पेन्शनला जातात, ५५० पीएफला. म्हणजे ओंकारच्या पीएफ खात्यात महिन्याला २,३५० जमा. पण "सगळं धरून"चा अर्थ मालकाचा हिस्साही त्याच १८ हजारांत असा असेल, तर हातात १४,४००. महिन्याला १,८०० चा फरक, वर्षाला २१,६००. म्हणून बेसिक किती, कापून हातात किती, हे ऑफर लेटरवर लिहून घ्या. लेटर देत नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर कबूल करून घ्या. पगार रोख नको, बँकेतच.

वैशाली काकू: आणि खरंच वीसच्या आत माणसं निघाली तर?

कुलकर्णी काका: मग सक्ती नाही, मालकाची चूकही नाही. पण मग १८ हजारांची तुलना दुसरीकडच्या पीएफवाल्या १८ हजारांशी करू नका. मालकाचा हिस्सा वेगळा देणारी १६,५०० ची नोकरी खरं तर १८,३०० ची आहे, शिवाय पीएफसोबतचा विमा.

सुहास: रजेचं पण विचारा. खाडा पडला तर पगार २६ ने भागतात की ३० ने? १८ हजारांवर एका दिवसाला ६९२ किंवा ६०० कापले जातात. शनिवार-सोमवार खाडा झाला तर मधला रविवारही कापतात का, तेही. आणि हळदीच्या सौद्यांचे दिवस, फेब्रुवारी ते मे, त्या काळात रजा मिळते का ते आत्ताच विचारा. तेव्हाच घरात लग्नं असतात.

वैशाली काकू: समजा पीएफ कापायला लागले, पण भरलाच नाही तर कळणार कसं?

स्नेहा: ओंकारला पीएफचा यूएएन नंबर मिळाला की चालू करून घ्यायचा आणि passbook.epfindia.gov.in वर पासबुक बघायचं. पगारपत्रकावर कपात आहे आणि दोन महिने पासबुकात नोंद नाही, तर पगारपत्रकं जपून ठेवून आधी तोंडी विचारायचं. तरी नाही झालं तर epfigms.gov.in वर तक्रार करता येते. उशिराचं व्याज आणि दंड मालकाने भरायचा असतो, तो ओंकारच्या पगारातून कापता येत नाही.

वैशाली काकू: बरं. उद्या सकाळी कोड विचारायला सांगते. फर्मचं नाव कळलं की स्नेहा, तुझ्याकडे पाठवते, जरा बघशील का?

स्नेहा: पाठवा काकू. तिन्ही भावांच्या फर्मची नावं पाठवा, एकाचंच नको.